ठिबकच्या बिलावरची तारीख

(दहिसर येथील बैठकीतील भाषण)



पोट दहिसरला आणि सातबारा गावाला, अशी तुमच्यापैकी अनेकांची स्थिती आहे. मघाशी एका भावाने ठिबकच्या योजनेचा कागद माझ्या हाती दिला आणि विचारले, "साहेब, ऐंशी टक्के म्हणजे नेमके किती?" तोच हिशेब मांडतो.

आधी पात्रता पाहा. जमीन तुमच्या नावावर हवी आणि पाण्याची सोय हवी. विहीर, बोअर, शेततळे काहीच नसेल, तर ही योजना तुमची नाही. कोरडवाहू ज्वारीवाला इथेच गळतो. विहीर असेल, तर तिची नोंद सातबारावर आहे का, हे तलाठ्याकडे आजच पाहा.

कागद थोडेच लागतात. सातबारा, आठ-अ, आधारला जोडलेले बँक खाते आणि आता शेतकरी ओळख क्रमांक. सातबारा सामायिक असेल, तर बाकीच्या खातेदारांचे संमतीपत्र लागते. गावचा भाऊ अर्ज करतो आणि दहिसरच्या भावाच्या सहीसाठी अर्ज अडून राहतो. ती सही आधी पाठवा.

अर्ज महाडीबीटीवर करायचा. पूर्वी सोडत निघे. २०२५ पासून आधी येईल त्याला आधी, अशी निवड आहे. निवड झाली की कागद चढवायचे, मग पूर्वसंमती मिळते. त्यानंतरच खरेदी करायची, तीही नोंदणीकृत विक्रेत्याकडून. तीस दिवसांत संच बसवून बिल चढवायचे. मग कृषी खात्याचा माणूस शेतावर येऊन संच मोजतो आणि पैसे खात्यात येतात.

लोक फसतात ते इथेच. दुकानदार म्हणतो, "आत्ता घेऊन जा, मंजुरी मागून येईल." बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघाली, की अनुदान गेले.

आता ऐंशी टक्के. पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि राज्याचे पूरक २५ टक्के. त्याहून मोठ्याला ४५ आणि ३०, म्हणजे ७५. पण हे टक्के तुमच्या बिलावर नाहीत, सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर आहेत. नळ्यांतले अंतर वाढले की मापदंड उतरतो.

समजा, तुमच्या कपाशीच्या संचाचा मापदंड एक लाख निघाला आणि बिल सव्वा लाखाचे झाले. तुम्ही मनात एक लाख धरता. मिळतील ऐंशी हजार. खिशातून जातील पंचेचाळीस हजार.

आणि ते ऐंशी हजारही मागून येतात. तोवर सव्वा लाख तुमचेच अडकलेले असतात. ते सावकाराकडून उचलले, तर अनुदानाचा काही भाग व्याजातच जाईल. म्हणून खरेदीआधी दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: माझ्या अंतराला मापदंड किती, आणि पैसे येईपर्यंत तू किती थांबशील? दुसऱ्याचे उत्तर लिहून घ्या.

पूर्वसंमतीचा कागद हातात पडेपर्यंत एक फूटही नळी शेतात नेऊ नका.