गोंगाटातला एक आवाज

यंत्रमागाच्या खडखडाटातून कामगार फोनवर बोलतो, तरी त्याचे शब्द आपल्याला कळतात. हे कसे घडते? बहुतेक फोनांत एक मायक्रोफोन खाली, तोंडाकडे असतो, दुसरा वर. फोन कानाला लावला असता खालचा तोंडापासून ५ सेंटिमीटरवर व वरचा १५ सेंटिमीटरवर आहे, असे आपण धरू. अंतर तिप्पट, म्हणून वर पोहोचणाऱ्या बोलण्याचा दाब सुमारे एकतृतीयांश. माग १० मीटरवर. त्याची खडखड दोन्हीकडे जवळजवळ सारखीच. फोन उंचसखल स्वरांच्या बारीक पट्ट्या पाडून प्रत्येकीत दोन्हीकडची मापे ताडतो. खाली जोरदार असेल ते बोलणे म्हणून राखतो. सारखे असेल ते गोंगाट म्हणून दाबतो.

एकदा आमच्या सहकाऱ्याने अपघाताची वर्दी दिली, पण आम्हाला खडखडच ऐकू आली. वरच्या भोकावर त्याचे बोट होते. तिथे खडखड कमी पोहोचली, म्हणून फोनने तिलाच बोलणे मानले. बोट काढल्यावर जखमीचे नाव कळले. याउलट, कानाला लावायचा फोन तोंडापासून दूर धरला, तर बोलणेही दोन्हीकडे सारखेच पोहोचते आणि गोंगाटाबरोबर दाबले जाते. तेव्हा वरचे भोक मोकळे आणि खालचे तोंडाजवळ, एवढे आपण सांभाळावे.