नळला पंचवीस, दुर्गला एक



यमकांचा खेळ आपण सगळे लहानपणी खेळलो आहोत. एकाने शब्द द्यायचा, बाकीच्यांनी पाळीपाळीने त्याच शेवटाचे शब्द सांगायचे. दहा आकडे मोजेपर्यंत शब्द सुचला नाही, तर भेंडी चढते. आज मला या खेळाच्या एकाच कलमावर बोलायचे आहे: शेवट सारखा म्हणजे नेमका कुठून सारखा?

मुले सहसा फक्त शेवटचे अक्षर जुळवतात. तिथेच खेळ बिघडतो. कुणी ‘बसणे’ म्हणाले, की पुढचा ‘उठणे’, त्याच्या पुढचा ‘झोपणे’ म्हणतो. मराठीतले प्रत्येक क्रियापद ‘णे’ने संपवता येते, तेव्हा हा डाव रात्रभर चालेल आणि कुणालाच डोके लावावे लागणार नाही. ‘घराला, दाराला, झाडाला’ ही वाटही तशीच फुकटची आहे. म्हणून पहिला करार असा हवा, की नुसता प्रत्यय जुळला तर तो शब्द बाद.

दुसरा करार कानाचा. शेवटच्या अक्षराआधीचा स्वरही जुळला पाहिजे. ‘पाणी’ला ‘राणी’ चालते, ‘वाणी’ चालते, ‘कहाणी’ चालते. ‘लोणी’ चालत नाही, कारण तिथे ‘आ’च्या जागी ‘ओ’ येऊन बसतो. गझल लिहिणारे या स्वराला अलामत म्हणतात. सुरेश भटांनी गझलेची बाराखडी शिकवताना त्यावर भर दिला होता. नाव माहीत नसले तरी मुलांचा कान तो स्वर ओळखतो. ‘पाणी’नंतर ‘लोणी’ आले की कुणीतरी तोंड वाकडे करतेच.

आता आपल्या नळदुर्ग गावाच्या नावावरच डाव मांडू. नळ. लिहिताना ही दोन अक्षरे, पण बोलताना ‘ळ’ पायमोडका होतो. जुळवायचे आहे ते ‘अळ’. मुरलेला खेळाडू आठवत बसत नाही. तो मनातल्या मनात क, ख, ग, घ लावत जातो. पोटात येते ती कळ, सुती कपड्याला देतात ती खळ, माशाचा गळ, डोंगरातली घळ. पुढे चळ, छळ, जळ, उन्हाची झळ. मग तळ, बेलाचे दळ, पळ, फळ, बळ, मळ, छडीचा वळ. इथवर पंधरा झाले, आणि अजून एकाही लांब शब्दाला हात लावलेला नाही.

हा साठा संपला की कच्चा खेळाडू अडतो आणि घाईत ‘काळ’ म्हणतो, ‘वेळ’ म्हणतो, ‘मूळ’ म्हणतो. तिन्ही बाद. पक्का खेळाडू तेव्हा लांब शब्दांकडे वळतो: ओंजळ, बाभळ, वादळ, कातळ, नारळ, पितळ, चपळ, सरळ. शेजारी तुळजापूर असताना ‘गोंधळ’ कसा विसरेल? डाव पंचवीसच्या घरात सहज जातो. मात्र ‘फळ’ येऊन गेल्यावर कुणी ‘शिताफळ’ म्हणाले तर मी ते धरत नाही. त्यात शेवटचा शब्द तोच आहे, नुसती पुढे भर घातली आहे.

एक वाद मात्र मला कधी पुरता मिटवता आला नाही. ‘पाणी’ला ‘मेजवानी’ चालेल का? पुस्तकी मराठीत नाही. ण वेगळा, न वेगळा. पण ज्या घरात ‘पानी’च म्हणतात, तिथल्या मुलाच्या कानाला ते यमक चोख आहे. मी मुलांना डावाआधीच ठरवून घ्यायला सांगतो: आज लिहिण्याप्रमाणे की बोलण्याप्रमाणे? डाव मध्यावर आल्यावर हे ठरवायला गेले, की हरणारा रडतो आणि त्याचे रडणे खरे असते.

आता नावाचा दुसरा अर्धा भाग घ्या. दुर्ग. एकदा एका वर्गात मी हा शब्द दिला. पहिला हात वर झाला, ‘स्वर्ग’. बाद, ‘उ’ कुठे आहे? मग ‘मार्ग’, मग ‘वर्ग’, दोन्ही त्याच कारणाने बाद. एकाने अभिमानाने ‘सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग’ अशी रांगच लावली. त्याला शिताफळाचा नियम सांगावा लागला. गझलेत असा पुन्हापुन्हा तोच येणारा शब्द म्हणजे रदीफ. यमक त्याच्या आधी जुळावे लागते.

वर्ग गप्प झाला. मी आकडे मोजू लागलो. सातवर आलो तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “मुर्ग.” तिच्या घरी दखनी बोलतात. लगेच गलका झाला, हा शब्द मराठी नाही म्हणून. मी तिला तो मराठी वाक्यात घालून दाखवायला सांगितले. ती उभी राहिली आणि म्हणाली, “ईदला आमच्याकडे मुर्ग शिजतो, सर, तुम्ही या.”

मी तो शब्द धरला.