बारा इंचांची दोन रोपं

संख्याशास्त्र शिकवताना एक यादी मी कितीतरी वर्षं फळ्यावर लिहीत आलो. ती चार्ल्स डार्विन यांची आहे, तेच ते उत्क्रांतीवाले. झाडाच्या फुलावर त्याच झाडाचा पराग पडला तर पुढची पिढी खुजी निघते, आणि दुसऱ्या झाडाचा पडला तर जोमदार निघते, असं त्यांचं म्हणणं होतं. ते पडताळण्यासाठी त्यांनी बरीच वर्षं खर्ची घातली आणि १८७६ साली त्यावर पुस्तक काढलं. त्यात मक्याचा एक प्रयोग आहे. एक रोप परपरागाचं, एक स्वपरागाचं, अशा पंधरा जोड्या चार कुंड्यांत वाढवल्या आणि प्रत्येक रोपाची उंची इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजली. इंचाच्या आठव्या भागाला आपले सुतार आणि गवंडी ‘सूत’ म्हणतात. आपणही सुतातच बोलू.

प्रत्येक जोडीत परपरागाचं रोप किती सूत उंच भरलं, ते आकडे असे: ४९, उणे ६७, ८, १६, ६, २३, २८, ४१, १४, २९, ५६, २४, ७५, ६० आणि उणे ४८. उणे म्हणजे त्या जोडीत स्वपरागाचंच रोप उंच निघालं. पंधरापैकी तेरा जोड्या डार्विन यांच्या बाजूच्या, दोन विरुद्ध. सरासरी निघते जवळजवळ २१ सूत. पण त्या दोन उणे आकड्यांचं काय करायचं? ते इतरांपासून फटकून आहेत असं डोळ्यांना दिसतं. मात्र ‘डोळ्यांना दिसतं’ हे प्रत्येकाचं निराळं असतं. म्हणून एक नियम हवा.

पहिलं काम, आकडे चढत्या क्रमाने लावायचे. विद्यार्थी नेमकं हेच विसरतात आणि दिलेल्या यादीतलाच मधला आकडा उचलतात. आपली क्रमवार यादी अशी होते: उणे ६७, उणे ४८, ६, ८, १४, १६, २३, २४, २८, २९, ४१, ४९, ५६, ६०, ७५. पंधरातला आठवा आकडा बरोबर मधला, तो २४. हा मध्यक. आता त्याच्या डावीकडे सात आकडे उरले, त्यांचा मधला ८. उजवीकडच्या सातांचा मधला ४९. हे झाले पहिलं आणि तिसरं चतुर्थक. त्या दोहोंमधलं अंतर, ४९ वजा ८, म्हणजे ४१ सूत. याला आंतरचतुर्थक विस्तार म्हणतात. सोप्या शब्दांत, मधली साधारण निम्मी मंडळी एवढ्या जागेत मावतात.

सर्वांत मोठ्यातून सर्वांत लहान वजा करून विस्तार का काढू नये, असं कोणी विचारील. त्याचं उत्तर करून पाहण्यासारखं आहे. समजा, नकलून घेताना उणे ६७ ऐवजी उणे ६७० लिहिलं गेलं. सरासरी अधिक २१ वरून थेट उणे १९ वर घसरते, म्हणजे निष्कर्षच उलटा होतो. चतुर्थकं मात्र ८ आणि ४९ अशी जागच्या जागी राहतात. फटकून असणाऱ्याला पकडायचं, तर मोजपट्टी अशी हवी की जी त्याच्याच ओढीने ताणली जाणार नाही.

पुढचा नियम अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी यांचा. १९७७ च्या त्यांच्या पुस्तकाने तो घरोघरी, निदान वर्गावर्गात पोहोचवला. विस्ताराची दीडपट घ्यायची. आपल्याकडे ती होते साडेएकसष्ट. पहिल्या चतुर्थकातून ती वजा करायची, तिसऱ्यात मिळवायची. खाली कुंपण लागलं उणे साडेत्रेपन्नला, वर एकशे साडेदहाला. कुंपणाबाहेर जो पडेल त्याच्यावर खूण करायची. उणे ६७ बाहेर पडला. उणे ४८ थोडक्यात आत राहिला.

आता चित्र. एक आडवी मोजपट्टी आखा. ८ पासून ४९ पर्यंत पेटी काढा, २४ वर पेटीत उभी रेघ मारा. पेटीच्या दोन्ही बाजूंना मिशांसारख्या रेघा ओढा. त्या कुंपणापर्यंत न्यायच्या नसतात, हे लक्षात ठेवा. कुंपणाच्या आत जो शेवटचा खरा आकडा आहे तिथे मिशी थांबते. म्हणजे उजवीकडे ७५ वर, डावीकडे उणे ४८ वर. उणे ६७ ला सुटा ठिपका. कोणाच्या आकृतीत मिशीचं टोक ११०.५ वर दिसलं, तर त्याने कुंपणच काढलंय हे ओळखावं. तिथे रोपच नाही.

इथवर सगळं सरळ आहे. पण चतुर्थक काढण्याची रीत एकच नाही. काही जण मधला आकडा, आपला २४, दोन्ही अर्ध्या भागांत धरतात. ट्यूकी स्वतः असंच करत. मग प्रत्येक भागात आठ आकडे येतात आणि मधल्या दोनांची सरासरी घ्यावी लागते. खाली ८ आणि १४ यांची ११, वर ४१ आणि ४९ यांची ४५. विस्तार ३४, त्याची दीडपट ५१, आणि खालचं कुंपण उणे ४० ला. आता उणे ४८ सुद्धा बाहेर! रोपं तीच, मोजमाप तेच. एका रीतीने एक खुणावलं जातं, दुसरीने दोन. संगणकावर एक्सेल वापरणाऱ्यांनी हे करून पाहावं. या पंधरा आकड्यांवर `QUARTILE.EXC` पहिल्या रीतीची उत्तरं देतं आणि `QUARTILE.INC` दुसरीची. म्हणून कोणी ‘आउटलायर सापडला’ म्हणालं, की मी आधी रीत विचारतो. आकडे थोडे असले की हा फरक जास्त बोचतो.

दीडपटीतही काही दैवी नाही. घंटेच्या आकाराने पसरलेल्या भरपूर आकड्यांत, काहीही बिघडलेलं नसताना, हजारी सातेक आकडे या कुंपणाबाहेर पडतातच. आणि उत्पन्नासारख्या एका बाजूला लांब शेपूट असलेल्या आकड्यांत तर पुष्कळ पडतात. ती श्रीमंत माणसं असतात, चुका नव्हेत.

तेव्हा खूण झाली की मूळ वहीकडे जायचं. डार्विन यांच्या तक्त्यात मूळ उंच्या आहेत. उणे ६७ च्या जोडीत स्वपरागाचं रोप २० इंच ३ सूत, परपरागाचं १२ इंच. उणे ४८ च्या जोडीत स्वपरागाचं १८ इंच, परपरागाचं पुन्हा १२ इंच. म्हणजे स्वपरागाची रोपं काही अचाट वाढलेली नाहीत, परपरागाची दोन रोपं खुंटलेली आहेत. फक्त परपरागाच्या पंधरा उंच्यांची पेटी काढली, तर कोणत्याही रीतीने ही दोन्ही रोपं बाहेर पडतात. त्यांच्यानंतरचं सर्वांत लहान रोप सव्वाअठरा इंचांचं आहे. फरकांच्या यादीत जो वाद होता तो इथे उरत नाही. दोन्ही रोपं वेगवेगळ्या कुंड्यांतली, एक पहिल्या, एक चौथ्या, त्यामुळे एका कुंडीच्या मातीला दोष देऊनही भागत नाही.

ती वगळावीत का? वगळली तर सरासरी २१ वरून ३३ सुतांवर जाते आणि डार्विन यांचं म्हणणं आणखी भक्कम दिसतं. म्हणूनच मी ती वगळणार नाही. रोप खुंटणं हाही प्रयोगाचाच निकाल असू शकतो, आणि आपल्याला सोयीचा तेवढाच आकडा ठेवण्याची सवय फार लवकर लागते. रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली याच तक्त्याची चिकित्सा केली, तेव्हा त्यांनीही पंधराच्या पंधरा जोड्या ठेवल्या होत्या.