लिस्टमध्ये नाव नाही, मग मित्राला काय म्हणायचं?

एमपीएससीचा निकाल लागतो तेव्हा पीडीएफ येते. त्यात आपला नंबर शोधायचा, आणि तो सापडला नाही की संपलं. पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसणारा तुमचा मित्र पूर्व परीक्षेत थोडक्यात राहिला, असं धरू. तुम्ही त्याला काय लिहाल?

बहुतेक जण लिहितात, ‘सीसॅट नीट करायला हवा होतास’ किंवा ‘प्लॅन बी बघ आता.’ हेतू चांगलाच असतो. पण त्याला ऐकू येतं, ‘हे तुला सुचलं नव्हतं.’ दोन वर्षं तो रोज हाच विचार करतोय हो!

निआल बोल्जर आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा एक अभ्यास आहे. न्यूयॉर्कच्या वकिलीच्या परीक्षेला बसणारे आणि त्यांचे जोडीदार, दोघंही रोज डायरी लिहीत होते. जोडीदाराने मदत केली पण परीक्षार्थीला ती जाणवली नाही, तेव्हा त्याची उदासी कमी झाली. मदत जाणवली, तेव्हा तसा फायदा दिसला नाही. संशोधकांचा अंदाज असा, की ‘मला मदत लागतेय’ हे कळणंच माणसाला टोचतं. हा अभ्यास परीक्षेआधीच्या दिवसांचा होता, पण मला वाटतं नापास झाल्यावर हे टोचणं वाढतंच.

म्हणून पहिला मेसेज मी असा लिहीन: ‘लिस्ट बघितली. वाईट वाटलं यार. रिप्लाय नको देऊस. सातला टपरीवर आहे, वाटलं तर ये.’ यात एकही प्रश्न नाही. ‘किती मार्कांनी गेलं?’ विचारलं की त्याला पुन्हा हिशोब द्यावा लागतो.

तो आला, तर चहा सांगायचा आणि थांबायचं. तो म्हणेल, ‘माझ्याच्याने होणार नाही.’ लगेच ‘होईल रे’ म्हणू नका, कारण तिथे त्याचं बोलणं बंद होतं. ‘दोन वर्षं घातलीस, लागणारच ना’ एवढं पुरे. ग्रुपवर कुणी त्याचा निकाल विचारला, तर ‘तो सांगेल तेव्हा सांगेल’ असं तुम्हीच लिहून टाका. ही न दिसणारी मदत.

मग सल्ला कधी द्यायचा? ‘काय करू आता?’ हे पहिल्या दिवशी बऱ्याचदा नुसता उसासा असतो. तेव्हा विचारा, ‘उपाय शोधूया, की नुसतं बोलायचंय?’ आठवड्याने तो स्वतःच पुढच्या जाहिरातीची तारीख काढून बसला, तर मात्र खुशाल बोला.

एका ठिकाणी मात्र गप्प बसायचं नाही. ‘जगून काय करू’ असं तो म्हणाला, तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा आणि १४४१६ ला फोन लावा. ही टेलिमानस हेल्पलाइन, मराठीतही बोलतात.

चला, भेटू पुढच्या भागात.