हा कोड मंजूर कराल का?



गूगलच्या मुलाखतीतली कोडी एके काळी फार गाजली होती. २०१३ मध्ये त्यांच्याच मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी सांगून टाकलं, की त्या कोड्यांत निव्वळ वेळ वाया जातो. विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचं समाधान मिळतं, एवढंच. तरी कोडी अजून विचारली जातात, कारण तपासायला सोपी असतात.

मी उमेदवारापुढे कोडं ठेवत नाही, कोड ठेवतो. ‘हा सहकाऱ्याने पाठवलाय, मंजूर कराल का?’ असं विचारतो.

```python
def add_fee(fee, paid=[]):
    paid.append(fee)
    return sum(paid)
```

बरेच जण आधी नावांवर घसरतात, टिप्पणी का लिहिली नाही म्हणतात. चुकीचं नाही, पण खरी गोम `paid=[]` मध्ये आहे. पायथॉन ती यादी फंक्शनची व्याख्या वाचताना एकदाच तयार करतं आणि पुढे प्रत्येक वेळी तीच वापरतं. `add_fee(500)` ला उत्तर ५०० येतं. मग दुसऱ्या विद्यार्थ्यासाठी `add_fee(300)` चालवलं, की ३०० ऐवजी ८००! एकदाच चालवणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

हा नियम पाठ असलाच पाहिजे असं नाही. नियम ठाऊक नसलेली एखादी मुलगी दोनदा चालवून बघते, ८०० बघून थबकते आणि विचारते, ‘बेरीज मुद्दाम साठवायची आहे का?’ माझ्या लेखी ती पुढे. ‘हे चूक आहे’ एवढंच लिहिणाऱ्यापेक्षा ‘दोनदा चालवा, ८०० येतं’ असं लिहिणारा सहकारी कुणालाही हवाच असतो.

मग आम्ही शेजारी बसून पाऊणएक तास तोच कोड दुरुस्त करतो. आधी कीबोर्ड उमेदवाराकडे, नंतर माझ्याकडे. `paid=None` करून यादी आत तयार करणं ही दोन ओळींची दुरुस्ती. बघायचं असतं ते त्याआधी चूक पकडणारी चाचणी लिहिली जाते का, आणि मी टाइप करताना चुकलो तर समोरचा बोलतो की गप्प बसतो.

यातही खोट आहे. कुणी शेजारी बसून बघत असलं की भल्याभल्यांची बोटं अडखळतात. शिवाय आपल्यासारखं बोलणारा माणूस आपल्याला उगाचच आवडतो. म्हणून सगळ्यांना एकच कोड द्यायचा, आणि इतर परीक्षकांशी बोलण्याआधी प्रत्येकाने आपले गुण कारणांसह लिहून ठेवायचे. उमेदवाराने स्वतःचा लॅपटॉप आणावा, डॉक्युमेंटेशन खुशाल उघडावं. कंपनीने हे आधी कळवलं नसेल, तर तुम्ही फोन करून विचारा. विचारलं म्हणून कुणी गुण कापत नाही. कापलेच, तर त्या कंपनीबद्दल तुम्हाला बरंच कळलं.