दीड वर्षाचं पोट आणि दुकानातली पुडी
(कुटुंब कल्याण मेळाव्यातील भाषण)



गेल्या पावसाळ्यात अंगणवाडीत मुलांची वजनं घेत होते. एक मुलगी १६ महिन्यांची. वजन ८ किलो १०० ग्रॅम, आणि दोन महिने काटा तिथंच. ताप नाही, जुलाब नाहीत. आई म्हणाली, "बाई, ही जेवतच नाही, घास दिला की तोंड फिरवते."

मी विचारलं, दिवसभरात आणखी काय काय खाते? तेव्हा उलगडा झाला. सकाळी आजी गोड चहात बिस्किटं बुडवून देते. संध्याकाळी वडील येताना कुरकुरीत खाऊची पुडी आणतात. सगळं मायेपोटीच हो!

आता हिशेब बघा. एवढ्या लेकराच्या पोटात एका वेळी जेमतेम पाव लिटर मावतं. जेवणाआधी पुडी गेली की भूक मेली. पुडीत तेल, पीठ आणि मीठ; अंग भरायला लागतं ते त्यात फारसं नाही. त्या पुडीवर १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम छापलं होतं. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ कळतं. पुडी २० ग्रॅमची, म्हणजे जवळजवळ अर्धा ग्रॅम मीठ. एक ते तीन वर्षांच्या मुलाला साऱ्या दिवसाचं मीठ २ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा अर्धा चमचासुद्धा नाही. शिवाय जीभ एकदा खारट-गोडाला लागली की साधं वरण तिला अळणी लागतं. मुलगी तोंड फिरवायची ती याचमुळे.

मग करायचं काय? वर्षाच्या आतल्या बाळाला वरून मीठ घालूच नका. त्याची मूत्रपिंडं अजून कोवळी असतात. डाळ शिजली की मीठ-तिखट घालण्याआधी बाळाची वाटी बाजूला काढा. दोन वर्षांपर्यंत साखर वरून नको. कुणी म्हणेल, गूळ तरी चालेल ना? गूळही साखरच, बाई. गोडी हवी तर पिकलेलं केळं कुस्करून द्या. चहा तर नकोच, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

त्या घरी एवढंच केलं. पुडी बंद, चहा बंद. मऊ खिचडीवर चमचाभर तेल, दुपारी केळं किंवा अंडं, आणि आईचं दूध चालूच. पहिले चार दिवस पोरीनं घर डोक्यावर घेतलं. आजी रागावली. पाचव्या दिवशी अर्धी वाटी खिचडी गेली. दोन महिन्यांनी वजन ८ किलो ६०० ग्रॅम.

एक गोष्ट पुरुषमंडळींनी ऐकावी. धाकटं लवकर पोटात आलं की थोरल्याचं अंगावरचं दूध तुटतं, आई थकते, आणि रडणं थांबवायला पुडी हाती येते. पाळणा तीन वर्षं लांबवायचा तर तांबी, गोळ्या, निरोध, सगळं उपकेंद्रात मिळतं. दोघं मिळून या, आणि येताना बाळाचं वजनाचं कार्ड घेऊन या.