पारा तेहतीस, मग जीव का कासावीस?

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही सहाजणी सड्यावर गडग्याचं काम करत होतो. जांभ्याचे दगड उचलायचे, डोक्यावरून न्यायचे, रचायचे. साडेअकराच्या सुमारास आमच्यातली एक मैत्रीण मटकन खाली बसली. डोकं ठणकत होतं, उमासे येत होते, पायांत गोळे आले होते. सावलीत नेऊन पाणी मारलं, मीठ घातलेलं कोकमाचं पाणी पाजलं, तेव्हा ती सावरली. संध्याकाळी बातम्यांत ऐकलं, रत्नागिरीचं तापमान ३३ अंश. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. विदर्भात ४२ असतं, तिथेही बाया शेतात राबतात. मग आपल्याला ३३ मध्ये काय झालं?

याचं उत्तर आपल्या माठात आहे. घाटावरच्या माठात पाणी गारेगार होतं आणि आपल्याकडे मे महिन्यात तेच पाणी कोमट लागतं. माठ पाझरतो, ते पाणी हवेत सुकतं आणि सुकताना आतली उष्णता घेऊन जातं. आपल्याकडची हवा समुद्राच्या ओलाव्याने आधीच भरलेली असते, म्हणून पाणी सुकत नाही. आपलं अंगही तसंच. घाम आला म्हणजे अंग गार झालं असं नाही. घाम सुकला तर अंग गार होतं. हनुवटीवरून टपकला तो घाम फुकट गेला. पाणी गेलं, मीठ गेलं आणि उष्णता आतच राहिली.

म्हणून तापमान आणि हवेतला ओलावा म्हणजे आर्द्रता, दोन्ही धरून एक आकडा काढतात. त्याला उष्मा निर्देशांक म्हणतात. अंगाला किती जाणवतं, तो हा आकडा. विदर्भात ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर तो साधारण ४१ येतो. आपल्याकडे ३३ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तरीही तो ४१ येतो. पारा नऊ अंशांनी कमी, पण अंगाला ताप तेवढाच. ४१ च्या पुढे धोक्याची पातळी धरतात.

आणि आपल्याकडे पारा इशारा देतोच असं नाही. किनारपट्टीवर उष्णतेची लाट ठरवायला तापमान किमान ३७ व्हावं लागतं, तेही नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त. ३३-३४ ला कुणी लाट म्हणणार नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानात झाला. पारा ३८ च्या आसपास होता. माणसं दगड वाहत नव्हती, उन्हात बसलेली होती. तरी उष्माघाताने १४ जण गेले. दमट हवेतलं ऊन असं असतं.

आता आकडा वाचताना एक चूक होते, ती आम्हीही केली. आर्द्रता दिवसभर सारखी नसते. पहाटे हवा गार असते तेव्हा टक्केवारी चढलेली असते, दुपारी हवा तापली की ती उतरते. बातम्यांत सकाळी साडेआठची आर्द्रता ८५ टक्के सांगतात आणि कमाल तापमान ३३ सांगतात, ते दुपारचं. आम्ही दोन्ही एकत्र धरले आणि आकडा आला ५१! घाबरून कामच बंद करायला निघालो होतो. ज्या वेळचं तापमान, त्याच वेळची आर्द्रता घ्यायची. मोबाईलवर हवामान बघता तेव्हा Feels like असं लिहिलेलं असतं, तो जाणवणारा आकडा तासातासाचा बघा. प्रत्येक अॅपचं गणित थोडं वेगळं असतं, एखाद-दोन अंशांचा फरक पडला तरी दिवस कसा चढतो ते त्यातून कळतं.

दुसरी गोष्ट, हा आकडा सावलीतला आहे आणि सावकाश चालणाऱ्या माणसाचा आहे. भर उन्हात त्यात आठ अंशांपर्यंत भर पडते. सड्यावर तर कातळही खालून भाजतो, आणि डोक्यावर दगड असला की अंग आतूनही तापतं. म्हणून सावलीतल्या ४१ ला सड्यावर गडगा घालणं म्हणजे ४१ नव्हे, त्याच्या बरंच पुढचं.

यंदा आम्ही काम असं लावलं. सकाळी सातला २८ अंश, आर्द्रता ८५, जाणवतं ३३. दहाला ३१ अंश, जाणवतं ३८. एकला ३३ अंश, जाणवतं ४१. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा ३७-३८. मग ठरवलं की दगड उचलायचं काम सहा ते साडेनऊ. पहिले दोन तास पाऊण तास काम आणि पंधरा मिनिटं विसावा. आठनंतर अर्धा तास काम, अर्धा तास विसावा. साडेनऊनंतर सडा सोडायचा. दुपारी मांगरात बसून आंबे निवडायचे, पेट्या भरायच्या. ऊन उतरल्यावर पाचला रचाईचं हलकं काम. विसाव्याची जागाही बघून निवडली. नुसती सावली पुरत नाही, वारा लागला पाहिजे, कारण वाऱ्यानेच घाम सुकतो. खालच्या माडाच्या बागेत सावली दाट, पण वारा पडलेला. आम्ही सड्याच्या कडेचं काजूचं झाड धरलं, तिथे खारा वारा लागतो.

पाणी तहान लागेपर्यंत थांबून प्यायचं नाही. दर वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे तासाला पाऊण लिटर. सहाजणींना साडेतीन तासांना सोळा लिटर लागतं, म्हणून एक मोठी कळशी भरून आधीच वर नेऊन ठेवतो. पण तासाला दीड लिटरच्या वर नको, नुसतं पाणी ढोसल्याने रक्तातलं मीठ पातळ होतं. सकाळी निघताना मीठ घातलेली पेज आणि मधे ताक, एवढं मीठ आपल्या घरातच आहे. आणि एक बोलायला हवं. आडोसा नाही म्हणून आपण पाणीच पीत नाही. आम्ही चार बांबू रोवून साडीचा आडोसा केला, तेव्हा कळशी रिकामी व्हायला लागली.

मे महिन्यात मुंबईहून आलेल्या सुना-लेकी हौसेने मदतीला येतात. त्यांच्या अंगाला या कामाची सवय नसते. सवय लागायला आठवडा-दोन आठवडे जातात. पहिल्या दिवशी त्यांना तुमच्या पाचव्या हिश्श्याएवढंच काम द्या, मग रोज थोडं वाढवा. आजारातून उठलेल्या बाईलाही हाच नियम.

शेवटी खुणा. डोकं दुखणं, चक्कर, उमासे, गोळे आले की त्या दिवशीचं काम संपलं, तिला एकटी घरी पाठवू नका. पण बाई असंबद्ध बोलायला लागली, जीभ अडखळली, ओळखेनाशी झाली किंवा बेशुद्ध पडली, तर तो उष्माघात. अंग कोरडं पडलं नाही म्हणून फसू नका. कष्ट करताना उष्माघात झाला तर अंग घामाने भिजलेलंही असतं. लगेच १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत घ्या, कळशी अंगावर ओता, पदराने वारा घाला, पाणी ओततच राहा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका, आणि तापाची गोळी देऊ नका, या तापावर ती चालत नाही.

उद्या सड्यावर निघालात, तर पारा किती एवढंच विचारू नका. दहा वाजता अंगाला किती जाणवणार आहे ते बघा, आणि मग दगडाला हात घाला.